पान ४ उघडा : एका कव्हर लेटरचे चार मसुदे

गुरुवारी रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. "मावशी, जागी आहेस का? कव्हर लेटर बघशील? सोमवार शेवटची तारीख आहे." खाली जाहिरातीचा स्क्रीनशॉट, वर्डची एक फाइल आणि पोर्टफोलिओची ड्राइव्ह लिंक. लिंक दाबली तर पडद्यावर `You need access`. त्या लिंकबद्दल पुढे सांगतेच.

भाची कोल्हापूरची. उपयोजित कलेचा चार वर्षांचा बीएफए नुकताच संपलेला, नोकरीचा अनुभव शून्य. जाहिरात पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओची होती. ज्युनिअर ग्राफिक डिझायनर हवा, काम मुख्यतः पॅकेजिंग आणि मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं. मराठी टायपोग्राफीची जाण हवी, छपाईसाठी फाइल तयार करता यायला हवी. पोर्टफोलिओ पीडीएफ, १० एमबीच्या आत. सोबत छोटंसं पत्र, मराठीत किंवा इंग्रजीत.

मी स्वतः पुण्यात चार जणांचा स्टुडिओ चालवते. तिला माझ्याकडेच का घेतलं नाही, हे सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालंय. आमच्याकडे जागा नव्हती, आणि असती तरी पहिली नोकरी मावशीच्या हाताखाली करू नये असं माझं मत आहे. ती जागा तिला मिळाली, तीन महिन्यांच्या चाचणीवर. पत्रामुळे मिळाली असं मी म्हणणार नाही, तिचं काम चांगलं आहे. पण गुरुवारी आलेलं पत्र तसंच गेलं असतं, तर ते चांगलं काम कुणी थांबून पाहिलं असतं का, याची मला शंका आहे.

पहिला मसुदा इंग्रजीत होता, कुठल्यातरी तयार साच्यावरून उचललेला. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा:

"आदरणीय महोदय/महोदया, आपल्या नामांकित संस्थेतील ग्राफिक डिझायनर या पदासाठी मी अर्ज करू इच्छिते. मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे. मी सर्जनशील, मेहनती आणि तपशिलाकडे लक्ष देणारी आहे. इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाइन व फिग्मा या सॉफ्टवेअरवर माझे प्रभुत्व आहे. वेगवेगळ्या प्रकल्पांतून मी सांघिक कामाचा अनुभव घेतला आहे. आपल्या संस्थेच्या प्रगतीत मी मोलाची भर घालू शकेन असा मला विश्वास वाटतो. सोबत पोर्टफोलिओ जोडला आहे."

यात खोटं काही नाही. अडचण अशी की तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी याखाली आपापली नावं घातली, तरी एकही शब्द बदलावा लागणार नाही. शिवाय "तपशिलाकडे लक्ष देणारी" हे लिहिलेल्या पत्रात पदाचं नावच चुकलं होतं. जाहिरातीत "ज्युनिअर" होतं, पत्रात नव्हतं.

मी तिला त्या रात्री दुरुस्त्या पाठवल्या नाहीत. ती ज्यांना पत्र पाठवणार होती ती माणसं ते कसं वाचतात, एवढंच फोनवर सांगितलं. आम्ही मागच्या वर्षी एका जागेची जाहिरात टाकली तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच साठेक मेल आले. ते मी ऑफिसात बसून वाचले नाहीत. छापखान्यात प्लेट निघेपर्यंत वाट बघताना, रिक्षात, रात्री भांडी झाल्यावर, असे फोनवर वाचले. आणि पत्र आधी, पोर्टफोलिओ मग, असंही झालं नाही. मेल उघडला की हात आधी पीडीएफवर जातो. अंगठ्याने पानं वर ढकलत जायचं आणि एखाद्या पानावर थांबलं तर थांबलं. थांबले की लगेच प्रश्न येतो. हे खरंच छापलंय की नुसतं मॉकअप आहे? हे हिने एकटीने केलं का? इतकं साधं का ठेवलं? त्याचं उत्तर शोधायला मी पत्राकडे परत येते. म्हणजे पत्र नीट वाचलं जातं ते दुसऱ्या फेरीत, मनात एक प्रश्न घेऊन. तिथे जर "लहानपणापासून चित्रकलेची आवड" भेटली, तर प्रश्न तसाच राहतो आणि मी पुढच्या मेलवर जाते.

तेव्हा पत्रात काय घालायचं हे ठरवण्याआधी, पोर्टफोलिओ पाहून कुणाला काय प्रश्न पडतील हे शोधायला हवं होतं. शुक्रवारी संध्याकाळी लिंक उघडू लागल्यावर मी तो पाहिला. २६ पानं, आठ कामं. सुरुवातीला एका काल्पनिक कॉफी ब्रँडची सहा पानं. काळी पिशवी, काळा कप, संगमरवरावर ठेवलेलं काळं कार्ड. ते मॉकअप विकत किंवा फुकट मिळतात आणि आम्ही ते शंभर वेळा पाहिलेले असतात. पान १४ वर, एसटी स्थानकाच्या पाट्या आणि अत्तराच्या बाटलीच्या मधे, एक गूळ पावडरचं लेबल होतं. एकच फोटो, तोही फोनवर काढलेला, खिडकीच्या उजेडात.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अगं ते मैत्रिणीच्या बाबांच्या गुऱ्हाळाचं. तसं फार काही नाहीये ते. मागे टाकलंय."

"छापलंय?"

"हो, दोनदा. पहिल्यांदा फसलं."

इथून पुढचा पाऊण तास आम्ही फक्त त्या लेबलबद्दल बोललो.

करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ. ढेपा ते वर्षानुवर्षं विकत होते. गूळ पावडर साध्या उभ्या पाउचमध्ये भरून शहरातल्या एका सुपरमार्केटला द्यायची ठरली, म्हणून लेबल हवं झालं. पाउचच छापून घ्यायचा तर मोठी संख्या लागते, म्हणून कोऱ्या पाउचवर चिकटवायचं स्टिकर लेबल, ९० बाय १२० मिमी, डिजिटल छपाई. सगळं लेबल तिने गुळाच्याच रंगांत ठेवलं होतं: मलईच्या रंगाची जमीन, त्यावर तांबूस तपकिरी अक्षरं. दिसायला छानच. बारकोडही त्याच तपकिरीत घेतला, कारण पांढऱ्या चौकटीतला काळा बारकोड तिला ठिगळासारखा वाटत होता. २०० लेबलं छापली, चिकटवली, माल दुकानात गेला. काउंटरवरचा स्कॅनर काही केल्या वाचेना.

कारण साधं आहे, पण कॉलेजात फारसं कुणी सांगत नाही. दुकानातले बरेचसे स्कॅनर लाल उजेड टाकतात. रेघ काळी असेल तर तो उजेड गिळते आणि मधली पांढरी जागा तो परत फेकते. या फरकावरच वाचन चालतं. लालसर, केशरी किंवा तांबूस तपकिरी रेघ लाल उजेड बराचसा परत पाठवते, म्हणून स्कॅनरला रेघ आणि जमीन सारखीच दिसते. आपल्या डोळ्यांना रेघा ठळक दिसतात आणि यंत्रासमोर कोरा कागद असतो.

दुसऱ्या खेपेला तिने बारकोड पांढऱ्या चौकटीत घेतला, रेघा फक्त काळ्या शाईच्या, आकार प्रमाण मापाच्या ८० टक्के, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसकट साधारण ३० बाय २१ मिमी. त्याखाली जायचं नसतं हे तिने तेव्हा शोधून काढलं. मग छापखान्यातून एकच शीट काढून घेतलं, लेबल पाउचवर चिकटवलं आणि त्याच दुकानात जाऊन स्कॅनरखाली धरलं. वाचला. त्यानंतरच उरलेली छपाई.

आणखी एक गोष्ट तिने जाता जाता सांगितली, आणि ती ऐकून मी लिहायचं थांबले. दुसऱ्या खेपेला ६०० लेबलं हवी होती. छापखान्यातल्या माणसाने १२ बाय १८ इंचाच्या शीटवर एका वेळी ९ बसतील असं सांगितलं. तिने घरी येऊन कागदावर चौकटी आखल्या. रुंदीत तीन बसत होती, उंचीत चौथी ओळ जात नव्हती. तेव्हा तिने तळाची उसाच्या पेरांची नक्षी काढून टाकली आणि लेबलची उंची १२० वरून १०५ मिमी केली. कापताना पांढरी कड राहू नये म्हणून सोडायचं तीन-तीन मिमी ब्लीड धरून चार ओळी बसल्या. निव्वळ वजनाचे आकडे, किंमत, परवाना क्रमांक यांना हात लावला नाही, कारण वजनाच्या आकड्यांची किमान उंची कायद्याने ठरलेली असते. ९ ऐवजी १२ लेबलं, म्हणजे ६०० लेबलांना ६७ ऐवजी ५० शीट.

चार वर्षं अर्ज वाचते आहे. नुकत्याच पास झालेल्या मुलीने शीटचा हिशेब करून डिझाइन बदललं, असं मी एकाही अर्जात वाचलेलं नाही. आणि हे तिच्या पोर्टफोलिओत कुठेच दिसत नव्हतं. दिसणारही नाही, कारण फोटोत फक्त एक १०५ मिमी उंचीचं लेबल दिसतं.

म्हणून आधी पोर्टफोलिओ हलवला. आठातली पाच कामं ठेवली, १८ पानं झाली. लेबल पान ४ ते ६ वर आलं: पान ४ वर पाउच, पान ५ वर दोन्ही लेबलं शेजारी शेजारी, पान ६ वर शीटची मांडणी. कॉफी मागे गेली. अत्तर पूर्ण गेलं, त्यावर थोडं रुसवंफुगवं झालं.

दुसरा मसुदा शनिवारी दुपारी आला, या वेळी मराठीत. मराठीत लिही हा आग्रह माझा होता. जाहिरातीतच मुभा दिली होती, आणि "मराठी टायपोग्राफीची जाण" असं नुसतं म्हणण्यापेक्षा नीट मराठी लिहिलेलं पत्र समोर असणं बरं. पण आता ती दुसऱ्या टोकाला गेली होती. सहाशेहून जास्त शब्द. गुऱ्हाळावर पहिल्यांदा गेले तेव्हा काहिलीतून उठणारा वास, मैत्रिणीच्या बाबांचं बोलणं, रंग कसा सुचला, सगळं. वाचायला गोड होतं. फोनवर मात्र ते पाच पडदे भरत होतं आणि बारकोड चौथ्या पडद्यावर येत होता. तेही फक्त "काही तांत्रिक अडचणींनंतर लेबल यशस्वीरीत्या बाजारात आले" एवढंच.

"तांत्रिक अडचणी म्हणजे काय?" मी फोन केला.

"मावशी, मी नोकरी मागतेय. पहिल्याच पत्रात मी चुकले असं कशाला लिहू?"

प्रश्न बरोबर होता, आणि याचं उत्तर सरसकट "चूक कबूल करावी" असं नाही. चूक पत्रात घालायची की नाही हे मी तीन गोष्टींवरून ठरवते. ती तिनेच दुरुस्त केली का? दुरुस्ती झाली याला पुरावा आहे का? आणि ज्या जागेसाठी अर्ज आहे तिथे तीच चूक महागात पडते का? बारकोडच्या बाबतीत तिन्ही उत्तरं होकारार्थी होती. पॅकेजिंगच्या स्टुडिओत न वाचता येणारा बारकोड म्हणजे दहा-वीस हजार पाउचचं नुकसान होऊ शकतं. तो धडा जिने २०० स्टिकरवर घेतलाय, तिला तो त्यांच्या खर्चाने घ्यावा लागणार नाही. हेच जर "मी वेळेत काम दिलं नाही, आता सुधारले" असं असतं तर मी लिहू दिलं नसतं. त्याला पुरावा नसतो, वाचणाऱ्याच्या मनात फक्त भीती उरते.

शिवाय लिहिण्याची पद्धत. तिसऱ्या मसुद्यात तिने चूक लिहिली, पण "दुर्दैवाने", "माझ्या अननुभवामुळे", "खूप वाईट वाटले" यांत गुंडाळून. ते शब्द काढले आणि दोन वाक्यं राहिली: काय केलं होतं आणि काय झालं, मग काय बदललं आणि कसं तपासलं. बास.

तिसऱ्या मसुद्यात आणखी दोन गाठी होत्या.

एक, एसटी स्थानकाच्या पाट्या. पोर्टफोलिओत ते काम तिच्या एकटीचं वाटत होतं. विचारल्यावर कळलं की तिघांचं. चित्रखुणा एकाच्या, प्रवाशांशी बोलून माहिती गोळा केली दुसरीने, हिने मराठी अक्षररचना आणि पाट्यांची मांडणी केली. लपवायचा हेतू नव्हता. कॉलेजात गटाचं काम सगळेच आपल्या पोर्टफोलिओत घालतात. पण त्याच वर्गातले आणखी चार जण त्याच जाहिरातीला अर्ज करणार, हे कुणी लक्षात घेत नाही. मी स्वतः एकाच आठवड्यात तीच पाटी, तोच पिवळा रंग, दोन वेगळ्या नावांखाली पाहिलेला आहे. तेव्हा दोघांपैकी खरं कोण हे शोधत बसले नाही, दोन्ही मेल बाजूला ठेवले. पत्रात एक ओळ लिहिली की हा गुंता सुटतो. वाटा सांगितल्याने तो लहान वाटेल ही भीती मला कधी खरी ठरलेली दिसली नाही. मराठीची जाण हवी म्हणणाऱ्या स्टुडिओला "मराठी अक्षररचना माझी" हे वाक्य अख्ख्या प्रकल्पापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

दुसरी गाठ, "तुमच्याकडेच का" हा परिच्छेद. पहिल्या मसुद्यात "नामांकित संस्था" होती. आता तिने त्यांची वेबसाइट बारकाईने पाहून दोन वाक्यं स्तुतीची आणि चार वाक्यं सूचनांची लिहिली होती. लोगोतल्या अक्षरांमधलं अंतर कसं सुधारता येईल इथपर्यंत. निरीक्षण चुकीचं नव्हतं. पण तो लोगो तसा का राहिला याला कारणं असतात, बहुतेक वेळा ग्राहकाच्या हट्टाची, आणि ती बाहेरून दिसत नाहीत. अर्जात न मागितलेली दुरुस्ती नको. मी तिला म्हटलं, त्यांचं एक काम निवड, त्यात जे दिसतं ते लिही, आणि त्यातलं तुला काय येत नाही ते लिही. तिने मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं निवडली.

सॉफ्टवेअरच्या यादीतून फिग्मा गेलं, कारण तिने ते दोनदा उघडलं होतं. "प्रभुत्व" हा शब्दही गेला. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय केलं एवढं राहिलं. पगाराचा विषय जाहिरातीत नव्हता, पत्रातही घेतला नाही. रुजू व्हायची तारीख मात्र घातली. छोट्या स्टुडिओत ती पहिल्या तीन प्रश्नांत असते.

रविवारी रात्री चौथा मसुदा तयार झाला. तिच्या परवानगीने, नाव काढून:

> विषय: ज्युनिअर ग्राफिक डिझायनर अर्ज – नाव आडनाव, कोल्हापूर
>
> नमस्कार,
>
> ज्युनिअर ग्राफिक डिझायनरच्या जागेसाठी अर्ज करते आहे. यंदा उपयोजित कलेतला बीएफए पूर्ण केला. सोबतच्या पोर्टफोलिओत पाच कामं आहेत. वेळ कमी असेल तर पान ४ ते ६ पाहावीत.
>
> तिथलं गूळ पावडरचं लेबल करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळासाठी केलं आणि ते छापून बाजारात गेलं. पहिल्या २०० लेबलांवर मी बारकोड तपकिरी रंगात ठेवला होता, दुकानातल्या स्कॅनरने तो वाचला नाही. दुसऱ्या खेपेला तो पांढऱ्या चौकटीत फक्त काळ्या शाईत घेतला आणि एका शीटचा नमुना त्याच दुकानात तपासून मग छपाई केली. त्याच वेळी लेबलची उंची १२० वरून १०५ मिमी केली. त्यामुळे १२ बाय १८ इंची शीटवर ९ ऐवजी १२ लेबलं बसली आणि ६०० लेबलांना ६७ ऐवजी ५० शीट लागले.
>
> पान ११ ते १३ वरचं एसटी स्थानकाच्या पाट्यांचं काम तिघांचं आहे. मराठी अक्षररचना आणि पाट्यांची मांडणी माझी. चित्रखुणा आणि प्रवाशांच्या मुलाखती सहकाऱ्यांच्या. बाकीची तीन कामं कॉलेजमधली, माझी एकटीची, न छापलेली.
>
> तुमच्या मुलांच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर शीर्षकाची अक्षरं चित्राच्याच ब्रशने काढलेली दिसतात. हाताने काढलेलं शीर्षक वेक्टरमध्ये स्वच्छ आणणं मला अजून नीट जमत नाही, ते शिकायचं आहे. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप रोज वापरते. इनडिझाइनमध्ये एक ३२ पानी पुस्तिका केली आहे, ती पान १५ वर आहे.
>
> १ जुलैपासून पुण्यात रुजू होऊ शकते. लेबलची मूळ फाइल हवी असल्यास पाठवेन.
>
> नाव आडनाव
> फोन

दोनशेच्या आसपास शब्द, फोनवर दोन पडदे. "सर्जनशील" नाही, "मेहनती" नाही. शेवटून दुसऱ्या परिच्छेदातल्या "नीट जमत नाही"वर ती अडून बसली होती, आणि तिथे मलाही खात्री नव्हती. मी ते ठेवायला सांगितलं, कारण ज्युनिअर जागेवर सगळं येणारं माणूस कुणी शोधत नाही. शिकवायला किती लागेल याचा अंदाज मात्र हवा असतो. दुसऱ्या एखाद्या स्टुडिओसाठी, जिथे फक्त हाताने काढलेल्या अक्षरांचंच काम चालतं, हे वाक्य मी काढलं असतं.

पाठवण्याआधी एक गोष्ट दिसली, ती पत्रात नव्हती तर पोर्टफोलिओच्या पान ५ वर. मथळ्यात "गुऱ्हाळ" ऐवजी "गुर्हाळ" छापलं होतं, ह च्या डोक्यावर रफार. लेबलवर शब्द बरोबर होता, गुऱ्हाळवाल्यांनीच पहिल्या नमुन्यावर बोट ठेवलं होतं म्हणे. पण मथळा नव्याने टाइप करताना तिने साधा र, हलन्त आणि ह असं लिहिलं. त्याचा रफार होतो. आपल्याला मराठीत हवी असलेली ती आडवी चंद्रकोर मिळवायला र च्या खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो, मग हलन्त, मग ह. वऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या, सगळीकडे तेच. आणि फॉन्टमध्ये ते रूप असावं लागतं. शोभेच्या काही फॉन्टमध्ये ते नसतंच. पत्रात "गुऱ्हाळ" आणि "दुसऱ्या" दोन्ही शब्द आहेत. मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं करणारा माणूस ते नकळत तपासतोच. पत्रात बरोबर आणि पोर्टफोलिओत चूक, असं गेलं असतं तर टायपोग्राफीची जाण तिथेच संपली होती.

आता ती लिंक. तिची पीडीएफ ४८ एमबीची होती. जीमेल २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडू देत नाही, ती आपोआप ड्राइव्हवर टाकून लिंक घालतो. त्या लिंकची परवानगी बदलायची राहिली की समोरच्याला `You need access` दिसतं आणि त्याने परवानगी मागायचं बटण दाबलं तरच तिच्याकडे मेल येतो. साठ अर्ज वाचणारं माणूस ते बटण दाबत नाही. तिला मात्र पोर्टफोलिओ पोचला असंच वाटत राहतं, कारण तिच्या स्वतःच्या फोनवर लिंक उघडते. तपासायचं तर ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता.

पण जाहिरातीत १० एमबी म्हटलं होतं, तेव्हा लिंकचा प्रश्नच नव्हता. फुगलेली फाइल इलस्ट्रेटरमधून सेव्ह करताना `Preserve Illustrator Editing Capabilities` वर टिक राहिल्यामुळे होती. तो पर्याय चालू असला की पीडीएफच्या पोटात अख्खी इलस्ट्रेटर फाइलही जाते. टिक काढली, फोटो १५० पीपीआयवर आणले, साडेआठ एमबी झाली. फाइलचं नाव `portfolio_final_FINAL2.pdf` होतं, ते `Surname_Firstname_Portfolio.pdf` केलं. पत्र वेगळी फाइल म्हणून जोडलं नाही, मेलच्या अंगातच लिहिलं. रिक्षात बसून कुणी दुसरी फाइल उघडत नाही. सोमवारी सकाळी तिने आधी मला पाठवलं, मी फोनवर उघडून पान ४ पाहिलं, मग तिकडे गेलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. पहिला प्रश्न एसटीच्या पाट्यांचा होता, तिच्या वाट्याबद्दल. ते काम आणखी एका अर्जात होतं, हे त्यांनीच सांगितलं. नाव विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मग म्हणाले, मंगळवारी या, आणि ते फसलेलं लेबल असेल तर घेऊन या.

तिच्याकडची लेबलं तिने रागाने कधीच फेकून दिली होती. हंगाम संपून गुऱ्हाळ बंद झालेलं. मैत्रिणीच्या बाबांनी ऑफिसच्या टेबलाचा खण उपसला तेव्हा चाळीसेक मिळाली. वाया कशाला घालवायची म्हणून ते घरी द्यायच्या पाउचांना तीच लावत होते. बारकोडवर त्यांनी बॉलपेनने "घरचा" असं लिहून ठेवलं होतं. त्यातली दोन घेऊन ती सोमवारी रात्रीच्या पुण्याच्या गाडीत बसली.